फाजल अली आयोगानं महाराष्ट्र सुचवलाच नव्हता

औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत मी मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासतो. वर्षातून दोनदा तरी एक प्रश्न टाकतोच: स्वातंत्र्यानंतर भाषेच्या आधारावर प्रांतांची पुनर्रचना करण्याच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद मांडा, १५ गुण, २५० शब्द. मुलं बीडची, परभणीची, जालन्याची. त्यांच्या आजोबांचं गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. पण उत्तरात आंध्र येतं, पोट्टी श्रीरामुलू येतात, शेवटच्या ओळीत विविधतेतली एकता येते आणि मराठवाड्याचं नावही नसतं. त्यातच काही चुका इतक्या ठराविक असतात की कुठल्या गाईडमधून आल्या तेसुद्धा आता ओळखू येतं.

गैरसमज: आयोगानं ‘एक भाषा, एक राज्य’ हे तत्त्व मान्य केलं

जवळपास प्रत्येक दुसऱ्या उत्तरात हे वाक्य असतं. वस्तुस्थिती अशी की फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यात हे तत्त्व साफ नाकारलं आहे. भाषा हा एक निकष. त्याच्या जोडीला देशाची एकता आणि सुरक्षितता, राज्याची आर्थिक व प्रशासकीय कुवत आणि राष्ट्रीय नियोजनाची सोय हे बाकीचे निकष. भाषेचं वजन मोठं धरलं, पण निर्णय एकट्या भाषेवर सोपवला नाही.

हे खरं कसं ओळखायचं? आयोगानं आपल्या बाबतीत काय सुचवलं ते पाहावं. मुंबई राज्य द्विभाषिक राहावं, त्यात गुजरातीही असावेत आणि मराठीही. हैदराबादचे मराठी जिल्हे, म्हणजे मराठवाडा, त्यात घालावे. विदर्भाचं मात्र वेगळं राज्य करावं. म्हणजे आयोगाचं ऐकलं असतं तर मराठी माणूस दोन राज्यांत वाटला गेला असता आणि मराठवाडा सौराष्ट्र-कच्छबरोबर एका विधानसभेत बसला असता. ‘आयोगाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्र झाला’ असं लिहिणाऱ्याला मी एक गुण कापतो, आणि तो वाद घालायला आला की हा परिच्छेद वाचायला देतो.

आकड्यांतही हीच गल्लत होते. आयोगानं १६ राज्यं आणि ३ केंद्रशासित प्रदेश सुचवले. संसदेनं कायदा केला तो १४ राज्यं आणि ६ केंद्रशासित प्रदेशांचा. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त कुठला कुणाचा ते सांगावं लागतं.

याच्या आधीचा टप्पा दोन ओळींत आटोपता येतो. भाषावार प्रांतांची कल्पना १९५२ ची नाही. काँग्रेसनं १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेवर बांधल्या होत्या आणि ओरिसा प्रांत इंग्रजांच्या काळातच, १९३६ मध्ये झाला. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याच काँग्रेसचं पाऊल अडखळलं. १९४८ च्या धर आयोगानं भाषेऐवजी प्रशासकीय सोय हा निकष सांगितला. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांच्या समितीनं १९४९ मध्ये हा प्रश्न पुढं ढकलला. नुकतीच फाळणी झालेली, संस्थानं विलीन होत असलेली. आता भाषेच्या रेघा नकोत, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा. हा मुद्दा भेकडपणाचा नव्हता, आणि उत्तरात तो तसा लिहूही नये. या समितीनं दार बंद केलं नव्हतं. लोकभावना फारच आग्रही असली तर विचार करावा आणि सुरुवात आंध्रपासून करता येईल, असं तिनं म्हटलं होतं. श्रीरामुलूंचा उपोषणात १५ डिसेंबर १९५२ ला मृत्यू झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. आयोग त्यानंतर नेमला गेला. क्रम उलटा लिहिणारेही बरेच असतात.

गैरसमज: मराठवाडा १९४८ ला महाराष्ट्रात आला

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, त्यामुळं हा घोळ होणं स्वाभाविक आहे. त्या दिवशी निजामाची राजवट संपली, पण राज्य तेच राहिलं. हैदराबाद राज्य आणखी आठ वर्षं टिकलं. १९४८ ला त्याचे १६ जिल्हे होते: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कानडी भागाचे तीन. राज्यात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, बाकी कानडी आणि उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. तीन तारखा, तीन वेगळ्या घटना.

पुनर्रचनेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद याच जुन्या राज्यात सापडतो. निजामाच्या काळात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. पैठणच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद त्याला वाचता येत नसे. तो वाचून दाखवणाऱ्यावर त्याची भिस्त. ‘लोकशाहीत कारभार लोकांच्या भाषेत हवा’ हे वाक्य गाईडमध्ये फिकट वाटतं, पण परवाच्या गोष्टीशी जोडून पाहा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणारी माणसं गोळा करावी लागली. आजोबांच्या जातीचा कागद नातवाला कळत नव्हता. उत्तरात असं एक उदाहरण घातलं तर त्या युक्तिवादाला हाड-मांस येतं.

दुसरी बाजू अशी की हैदराबाद राज्य टिकावं असं वाटणारे सगळे निजामाचे हस्तक नव्हते. नेहरूंनाही या राज्याची फाळणी मनापासून पसंत नव्हती. अनेक भाषांचं एकत्र नांदणं त्यांना मोलाचं वाटे. उलट, निजामाशी लढलेले स्वामी रामानंद तीर्थ हे त्रिभाजनाच्या बाजूनं होते. म्हणजे ‘राष्ट्रवादी एकीकडे, भाषावादी दुसरीकडे’ अशी वाटणी करता येत नाही.

गैरसमज: भाषेची सीमा नकाशावर आधीच होती, सरकारनं फक्त ती गिरवली

या एका मुद्द्यावर थोडं थांबू, कारण विरोधकांचा खरा जोर इथं होता. त्यांचं म्हणणं असं की भाषा नदीसारखी एका पात्रातून वाहत नाही. सीमेवरचं गाव दोन-तीन भाषा बोलतं, आणि कुठंही रेघ मारली तरी पलीकडं नवा अल्पसंख्य तयार होतो.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं आठवं कलम उघडा. त्यात मुंबई राज्याला हैदराबादचा कुठला भाग मिळाला ते लिहिलंय. औरंगाबाद, परभणी, भीर आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे अख्खे आहेत. पाचवा नांदेड, तिथं अडचण सुरू होते. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं वगळली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं वगळली. ती तेलुगू बाजूला गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं एकटं इस्लापूर मंडळ इकडं आलं. बिदर जिल्ह्याचे तर तीन वाटे झाले: अहमदपूर, निलंगा, उदगीर मराठीकडं, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडं, जहीराबाद, नारायणखेड तेलंगणाकडं. जिल्हा मोडला, मग तालुका मोडला, मग महसुली मंडळापर्यंत सुरी गेली. भालकी-औरादकडं मराठी बोलणारे राहिले, उदगीर-देगलूरकडं कानडी-तेलुगू बोलणारे राहिले. जी रेघ आधीच होती म्हणतात ती ठरवताना मंडळं मोजावी लागली, हेच त्या रेघेविषयी बरंच सांगतं.

गैरसमज: डॉ. आंबेडकर भाषावार प्रांतांच्या विरोधात होते

निम्म्या उत्तरांत ते ‘विरोधात’ या रकान्यात असतात, निम्म्यांत ‘बाजूने’. याच औरंगाबाद शहरात १९५० मध्ये त्यांच्या संस्थेनं मिलिंद महाविद्यालयाला जन्म दिला, तेव्हा निदान आपल्या मुलांनी तरी हा रकाना नीट भरावा. भाषावार राज्यांवरच्या १९५५ च्या पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एका राज्यात एकच भाषा असावी, हे त्यांना मान्य होतं. पण एका भाषेचं एकच राज्य असावं, हे मान्य नव्हतं. म्हणून मराठी मुलखाचे त्यांनी चार भाग सुचवले: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मराठवाडा मध्य महाराष्ट्रात. कारण साधं होतं: फार मोठ्या भाषिक राज्यात संख्येनं मोठी जात सत्तेवर बसते आणि लहान जातींना कुणी विचारत नाही. राज्याची अधिकृत भाषा प्रादेशिक नसावी, हिंदी असावी आणि तोवर इंग्रजी चालावी, असाही इलाज त्यांनी सांगितला. हा मुद्दा ‘बाजूने’ लिहायचा की ‘विरोधात’? मी मुलांना सांगतो, रकाने सोडा. युक्तिवाद कुठल्या अटीवर उभा आहे ते लिहा.

गैरसमज: मराठवाडा बिनशर्त आला, त्यामुळं त्याला काही लिहून दिलेलं नाही

सभांमध्ये हे वाक्य टाळ्या घेतं. मराठवाड्यानं स्वतःच्या वेगळ्या अटी घातल्या नाहीत, हे खरं. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आहे. विकासाचा पैसा, शिक्षणातले प्रवेश आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि मागासलेला भाग म्हणून मराठवाड्याकडं खास लक्ष, असं त्यात म्हटलंय. करार राजकीय होता; तो घेऊन कोर्टात जाता येत नाही. घटनेतलं कलम ३७१(२) त्याहून बळकट, पण त्याखालची विकास मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, आणि २०२० ला त्यांची मुदत संपली.

करारात एक गोष्ट मात्र नव्हती. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला लिहून दिलं होतं, औरंगाबादला नाही. १९५६ पर्यंत इथला अपील करणारा माणूस हैदराबादला जायचा, त्यानंतर तो मुंबईला जाऊ लागला. राज्य बदललं, पण न्यायालय लांबच राहिलं. पंचवीस वर्षांनी, २७ ऑगस्ट १९८१ ला, मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी औरंगाबादला न्यायालय बसवलं. त्यासाठी आधार घेतला तो १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) चा. त्याला आव्हान मिळालं आणि उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्दही केला. वादाचा गाभा असा होता: १९६० ला मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाल्यावर १९५६ चा कायदा उरतो तरी का? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नारायण शामराव पुराणिक प्रकरणात सांगितलं की उरतो. १९८४ ला खंडपीठ कायम झालं. ज्या कायद्यानं नांदेडची मंडळं मोजून वाटली, त्याच कायद्याच्या एका पोटकलमावर जालना रोडवरचं ते न्यायालय उभं आहे.