टीडी सेटअप

टीडी सेटअप ही भावांच्या आलेखावरून चालू घसरण किंवा तेजी थकत आल्याचे ओळखू पाहणारी तांत्रिक विश्लेषणाची पद्धत आहे. अमेरिकी विश्लेषक टॉम डीमार्क यांनी विकसित केलेल्या 'टीडी सिक्वेन्शियल' या पद्धतीचा हा पहिला टप्पा होय.

आलेखावरील प्रत्येक बार एका कालखंडाचा, उदाहरणार्थ एका दिवसाचा, असतो. त्याचा बंद भाव चार बारांपूर्वीच्या बंद भावाशी ताडून पाहतात. आधीच्या बारचा बंद भाव अशा तुलनेत वरचा आणि चालू बारचा खालचा असेल, तर तेथे क्रमांक १ पडतो. सलग नऊ बारांचे बंद भाव असे खालचे राहिले की खरेदीचा सेटअप पूर्ण होतो. मध्येच एखादा बंद भाव तेवढाच किंवा वरचा आला, तर गणना रद्द होते. विक्रीचा सेटअप याच्या उलट असतो.

ही गणना फक्त दिशा पाहते, अंतर पाहत नाही. त्यामुळे एकसारख्या घसरणाऱ्या भावात नववा क्रमांक आपोआप येतो. घसरणीचा जोर ओसरला आहे की वाढला आहे, हे त्यातून कळत नाही.

२०२० सालच्या घसरणीत एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकावर हे स्पष्ट दिसले. १९ फेब्रुवारीला निर्देशांक ३३८६ या उच्चांकावर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी क्रमांक १ पडला. २ मार्चला निर्देशांक एका दिवसात साडेचार टक्क्यांहून अधिक वाढून ३०९० वर आला. तरीही चार बारांपूर्वीचा बंद भाव ३१२८ असल्याने तो दिवस घसरणीच्या गणनेत आठवा ठरला. ३ मार्चला ३००३ वर नववा क्रमांक पडला. दुसऱ्या दिवशी निर्देशांक चार टक्क्यांनी उसळल्याने संकेत खरा ठरल्यासारखे वाटले, परंतु २३ मार्चचा बंद भाव २२३७, म्हणजे सुमारे २५ टक्के खाली होता.

दरम्यान ६ मार्चपासून नवी गणना सुरू होऊन १८ मार्चला २३९८ वर पुन्हा नऊ पूर्ण झाले. हा संकेत तळाच्या बराच जवळचा होता, तरी त्यानंतरही बंद भावात जवळपास ७ टक्के घसरण झालीच.

डीमार्क यांच्या नियमात याला एक चाळणी आहे. आठव्या किंवा नवव्या बारचा नीचांक सहाव्या व सातव्या या दोन्ही बारांच्या नीचांकांखाली गेला, तरच सेटअप 'परिपूर्ण' मानतात. ३ मार्चचा सेटअप या कसोटीवर उतरत नव्हता, कारण सातव्या बारचा, म्हणजे २८ फेब्रुवारीचा, २८५६ च्या आसपासचा नीचांक तोवर मोडला नव्हता. १८ मार्चचा सेटअप मात्र उतरत होता. केवळ नऊ आकडे मोजून थांबणाऱ्या संगणकीय आवृत्त्यांत हा फरक दिसत नाही.