स्लॅब वाळू देऊ नका

स्लॅब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी घरमालक गवंड्याला हमखास एक प्रश्न विचारतो : दिवसातून किती वेळा पाणी मारायचं? उत्तर येतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तीन वेळा. मग घरातलं कुणी तरी पाइप घेऊन गच्चीवर जातं, सगळीकडून ओलं करतं आणि खाली येतं. एप्रिलच्या उन्हात तासाभरात तो स्लॅब पांढरट कोरडा झालेला असतो. दुपारचं पाणी पडेपर्यंत तो तसाच तापत राहतो. तीन वेळा पाणी मारलं हे खरं, पण दिवसाचे बहुतेक तास स्लॅब कोरडाच होता. माझ्या मते किती वेळा पाणी मारलं याचा हिशोबच सोडून द्यावा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत स्लॅबचा पृष्ठभाग एकदाही कोरडा पडला का, एवढंच बघावं.

याचं कारण सिमेंटच्या स्वभावात आहे. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक संयोग करतात, त्यातून नवा घट्ट पदार्थ तयार होतो आणि तोच खडी-वाळूला धरून ठेवतो. पन्नास किलोच्या गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी घातलेलं असतं आणि या क्रियेला वीस लिटरच्या आसपास पुरतं. म्हणजे कालवतानाच पुरेसं पाणी आत गेलेलं असतं. आपलं काम ते बाहेर जाऊ न देण्याचं आहे. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांमधला ओलावा ठरावीक पातळीखाली गेला की क्रिया जवळजवळ थांबते आणि जे सिमेंट अजून मुरायचं होतं ते तसंच पडून राहतं. नंतर पाणी घातलं तर ती काही प्रमाणात पुन्हा सुरू होते, पण झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. टाकल्यापासून कोरड्या हवेत तसंच सोडलेलं काँक्रीट, सतत ओलं ठेवलेल्या त्याच काँक्रीटच्या सुमारे निम्म्या ताकदीवरच अडकतं.

स्लॅबची खालची बाजू सेंट्रिंगच्या पाट्यांनी झाकलेली असते, त्यामुळे तिथला ओलावा बऱ्यापैकी टिकतो. फटका बसतो तो वरच्या इंच-दोन इंचाला. ‘एवढंसं नुकसान झालं तर काय,’ असं वाटण्याचा संभव आहे, म्हणून बाल्कनी आणि छज्जाचं उदाहरण घेतो. खोलीवरच्या स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळया तळाशी असतात. भिंतीतून बाहेर आलेल्या बाल्कनीत मात्र त्या वरच्या बाजूला असतात, कारण तिथे ताण वर येतो. त्या सळयांवर जेमतेम वीस मिलिमीटर काँक्रीटचं कवच असतं आणि नेमकं तेच कवच उन्हात वाळतं. ते सच्छिद्र राहिलं की पावसाचं पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचते, गंज चढतो, फुगलेली सळई काँक्रीट उखडते. बाल्कनी आणि छज्जा अरुंद आणि उतरते असतात, पाणी त्यांच्यावर थांबत नाही, म्हणून पाइप घेऊन आलेला माणूसही तिथे दोन फवारे मारून पुढे सरकतो. ज्या भागाला सर्वांत जास्त जपायला हवं, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी पाणी येतं.

किती दिवस, याचं उत्तर आपल्या आय. एस. ४५६ या मानकात स्पष्ट आहे. साधं सिमेंट, म्हणजे गोणीवर ओ. पी. सी. लिहिलेलं, वापरलं असेल तर किमान ७ दिवस. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर किमान १०. राख किंवा स्लॅग मिसळलेलं पी. पी. सी. किंवा पी. एस. सी. सिमेंट असेल तर हीच मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. घरबांधणीला दुकानातून आणलेली गोणी बहुधा पी. पी. सी.चीच असते. त्यातली राख सिमेंटच्या क्रियेतून निघालेल्या चुन्याशी सावकाश संयोग करते, म्हणून तिला ओलावा जास्त दिवस लागतो. गोणीवरची अक्षरं वाचायला मिनिट लागत नाही. स्लॅबच्या आधी ती वाचा. शंका असेल तर चौदा दिवस धरून चाला.

आता एक प्रत्यक्ष हिशोब करू. मराठवाड्यातलं एखादं गाव, एप्रिल महिना, हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब, सिमेंट पी. पी. सी.

खरी कसोटी पहिल्या रात्रीच्या आधीच असते. स्लॅबवर पट्टी आणि थापी फिरवून झाली की वर पाण्याची चकाकी दिसते. ही चकाकी ऊन-वाऱ्याने झटपट उडू लागली की काँक्रीट अजून मऊ असतानाच वर बारीक, वेड्यावाकड्या भेगा पडतात. अशा भेगा दिसल्या तर काँक्रीट मऊ आहे तोवरच थापीने दाबून त्या बुजवाव्यात. वर कोरडं सिमेंट भुरभुरून त्या फक्त झाकल्या जातात. चकाकी जाताच प्लास्टिकचा कागद अंथरून कडेला विटा ठेवल्या तर बहुतेक भेगा पडतच नाहीत. भर दुपारी स्लॅब संपवण्यापेक्षा पहाटे सुरुवात केलेली बरी, किंवा दुपारनंतर.

या वेळी पाइपचा जोरदार झोत मारणं हा दुसऱ्या टोकाचा अपराध आहे. त्याने वरचं सिमेंट धुऊन जातं आणि पुढे गच्ची झाडताना कायम पांढरी भुकटी निघत राहते. अंगठा जोरात दाबला तरी ठसा उमटत नाही, एवढं काँक्रीट घट्ट झालं की मगच पाणी सुरू करावं आणि तेही हलक्या फवाऱ्याने. उन्हाळ्यात हे काही तासांतच होतं, थंडीत रात्र लोटते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे बांधावेत. चार-पाच फुटांवर कमी सिमेंटच्या मसाल्याचे बोटभर उंच बांध घालायचे आणि त्यांत पाणी भरायचं. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर विहिरीचं गार पाणी एकदम ओतू नये, त्यानेही तडे जातात. सकाळी भरलेलं बरं.

पाणी किती लागेल? हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एक इंच पाणी भरायला साधारण २,३०० लिटर लागतात, दोन इंचांना ४,६०० च्या वर. एप्रिलच्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं असं धरलं तर रोज ९०० लिटरची भर घालावी लागते. स्लॅब सपाट असेल तर एक इंच पुरतं, कारण एखाद्या दिवशी भर घालायची राहिली तरी वाफा कोरडा होत नाही. उतार असेल तर उंचावरची बाजू बुडेल इतकं भरावं लागतं. पाण्याच्या वजनाने स्लॅब खचेल ही भीती मात्र मनातून काढावी. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. स्लॅबचं स्वतःचं वजनच तीनशे किलोच्या वर असतं आणि खाली टेकू उभे असतात.

चौदा दिवस वाफे भरलेले ठेवायचे तर एक इंचाच्या हिशोबानेही चौदा हजार लिटर होतात आणि टँकरवर जगणाऱ्या गावात एवढं पाणी मागणं जड जातं. तिथे मी असं सुचवेन : पहिले सात दिवस वाफे ठेवा. मग उरलेलं पाणी विटा भिजवायला काढून घ्या, स्लॅबवर गोणपाट अंथरा, भिजवा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून कडा दाबून ठेवा. कागदाखालचं पाणी फारसं उडत नाही. सकाळ-संध्याकाळ कोपरा उचलून हात लावायचा, कोरडं वाटेल तिथे पाणी द्यायचं. बाल्कनी, छज्जा, जिना आणि तुळईच्या बाजूंना हाच गोणपाट पहिल्या दिवसापासून लागतो, कारण तिथे वाफा बांधताच येत नाही. वाऱ्याने उडालेला कागद आणि कोपऱ्यात गुंडाळून पडलेलं कोरडं गोणपाट काहीच कामाचं नाही, हे रोज वर जाऊन बघावं लागतं.

पाणी कसलंही चालत नाही. जे काँक्रीट कालवायला योग्य, तेच मुरवायला योग्य. कोकण किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरीचं पाणी रोज स्लॅबवर उभं राहिलं तर त्यातलं मीठ मुरत जाऊन सळईला गंजवतं. पावसाळ्यात स्लॅब टाकला तर मेहनत कमी होते, पण दोन दिवस उघडीप मिळाली की वाफ्यांकडे लक्ष द्यावंच लागतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक अडचण नेहमी उभी राहते. ठेकेदाराला वरच्या मजल्याचं काम सुरू करायचं असतं, वाफे फोडून तिथे विटांचे ढीग लागतात आणि पाणी तिथेच संपतं. सेंट्रिंगचे टेकूही सात दिवसांआधी हलवू नयेत, आणि साडेचार मीटरपेक्षा लांब गाळा असेल तर चौदा दिवसांआधी नाही. पाणी मालकाने द्यायचं की ठेकेदाराने, आणि मारायचं कुणी, हे बोलणं आपल्याकडे मोघम राहतं. म्हणून दोघेही समजतात की दुसरा बघतोय. हे आधीच ठरवून करारात लिहून घ्यावं : चौदा दिवस, वाफे आणि गोणपाट, जबाबदारी अमक्याची.

अहवाल बघून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून ताकद मोजतात. ते ठोकळे तोपर्यंत पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेले असतात. त्या अहवालातून कालवलेला माल चांगला होता एवढंच कळतं. तुमच्या स्लॅबला चार दिवस पाणी मिळालं की चौदा, हे त्यात येत नाही. ते ओळखायचं तर गच्चीवर खिळ्याने ओरखडा काढून बघा. भुकटी सुटली, जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या, तर वरचा थर कच्चा राहिलेला आहे. वाफे भरलेले असताना एक फायदाही पदरात पाडून घ्या. सेंट्रिंग निघाल्यावर छताला कुठे ओल दिसते ते खडूने खूण करून ठेवा. तिथे काँक्रीट पोकळ राहिलं आहे. ती जागा प्लास्टर लागण्याआधी ठेकेदाराकडून भरून घ्या, नंतर ती शोधून सापडत नाही.