१२ मार्च, १० जुलै की २ ऑगस्ट?

सकाळी ८.५०
चाकणच्या फाट्यावर कंपनीची बस नेहमीसारखी अडकलेली असतानाच खरेदीप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, नायट्रोजनच्या कराराची नोटीस द्यायची तारीख गेली का हो? नोंदवहीत तर लाल दिसतंय."

आज १८ सप्टेंबर २०२५. आमची करार-नोंदवही म्हणजे एक एक्सेल फाइल. तिच्यात या पुरवठादाराच्या ओळीत 'नोटिशीची शेवटची तारीख : १२ सप्टेंबर २०२५' असं लिहिलेलं. म्हणजे सहा दिवस उशीर. ती ओळ मी भरलेली नव्हती, पण हे सांगून काही मिळत नाही. "कागद बघते आणि संध्याकाळपर्यंत सांगते," म्हटलं.

धास्ती फुकाची नव्हती. आमच्या लेसर कटिंगला नायट्रोजन लागतो. पत्रा कापताना कडा काळी पडू नये म्हणून. पुरवठादाराची मोठी टाकी आमच्या आवारात उभी आहे, तिच्यात टँकरने द्रवरूप नायट्रोजन येतो आणि गरजेप्रमाणे त्याचा वायू होऊन पाइपातून आत जातो. गेल्या वर्षी दोन लेसर मशिनं दुसऱ्या कारखान्यात हलवली. वापर महिना १७,००० घनमीटरवर आला. करारात मात्र किमान उचल २४,००० ची. उरलेल्या ७,००० चे पैसे, घेतला नाही तरी, भरायचे. १४ रुपये दराने महिना ९८,००० रुपये. नोटीस वेळेत गेली नाही आणि करार आपोआप तीन वर्षं वाढला, तर ३५ लाख २८ हजार.

९.२०
करार हातात आला की लगेच वाचायला बसायचं नाही. आधी त्याचं सगळं गणगोत गोळा करायचं. मूळ करार कायदा विभागाच्या कपाटात : १२ मार्च २०२१, मुद्रांकावर सह्या, ३८ पानं आणि चार परिशिष्टं. लेखा विभागाच्या बिलांच्या फाइलमध्ये जानेवारी २०२३ चा पुरवणी करार निघाला, करारातली मासिक मात्रा २४,००० वरून ३०,००० करणारा. किमान उचल तिच्या ८० टक्के, म्हणून २४,०००. नोंदवहीत अजून जुन्या मात्रेवरची १९,२०० होती. पुरवणी कराराच्या शेवटच्या कलमात 'इतर सर्व अटी पूर्ववत' असं आहे, म्हणजे मुदतीला त्याने हात लावलेला नाही. हे वाक्य शोधावंच लागतं. कधी कधी मात्रा वाढवता वाढवता मुदतही नव्याने सुरू करून टाकलेली असते.

तिसरा कागद ईमेलच्या जोडपत्रात सापडला : २०२२ मध्ये पुरवठादाराने नोंदणीकृत कार्यालय हलवल्याचं पत्र. त्याचं काम दुपारी पडणार होतं.

१०.१०
आता वाचन. मी पहिल्या पानापासून वाचत नाही, व्याख्यांपासून सुरुवात करते. मुदतीचं कलम साधं दिसतं : 'प्रारंभ दिनांकापासून पाच वर्षे'. जुनी ओळ भरणाऱ्याने प्रारंभ म्हणजे सहीचा दिवस धरला. १२ मार्च २०२१ पासून पाच वर्षं, म्हणजे ११ मार्च २०२६, त्यातून नोटिशीचे १८० दिवस मागे, १२ सप्टेंबर. हिशेब चोख, पण सुरुवातच चुकलेली. 'प्रारंभ दिनांक' हा शब्द करारात ठळक अक्षरांत आहे आणि ठळक शब्दाचा अर्थ व्याख्यांच्या पानावर असतो. तिथे लिहिलंय : टाकी कार्यान्वित झाल्याच्या, दोन्ही पक्षांनी सही केलेल्या प्रमाणपत्रावरील दिनांक.

हुश्श करून मी चहाला उठणार होते. उठले नाही, कारण वाक्य पुढच्या ओळीवर गेलं होतं.

१०.४०
'…किंवा सहीच्या दिनांकापासून १२० वा दिवस, यांपैकी जो आधी येईल तो.'

पुरवठादाराच्या बाजूने बघितलं तर ही ओळ रास्त आहे. ग्राहकाने पायाचं काँक्रीट वेळेत ओतलं नाही, परवानगी रखडवली, तर टाकीत गुंतवलेल्या पैशांचं घड्याळ किती दिवस थांबवून ठेवायचं? म्हणून कमाल मर्यादा. आपल्या बाजूने मात्र तिचा अर्थ एवढाच, की टाकी उशिरा लागली तरी पाच वर्षांची मोजणी तिच्यासाठी थांबत नाही.

१२ मार्च २०२१ पासून १२० वा दिवस : १० जुलै २०२१. आता प्रमाणपत्र हवं.

११.३०
प्रमाणपत्र फाइलमध्ये नव्हतं. स्टोअरमधल्या काकांकडे गेले. कागद टाकायचा नाही हे त्यांचं व्रत. "टाकी ना? ऑगस्टमध्ये सुरू झाली ती," त्यांनी कागद हातात यायच्या आधीच सांगितलं. "कोविडची दुसरी लाट होती. नायट्रोजनचे टँकर सरकारने ऑक्सिजनसाठी फिरवले होते. टाकी येऊन पडली होती, पण भरणार कुठून?"

त्यांचं बरोबर होतं. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर ऑक्सिजन वाहण्यासाठी बदलून घ्यायला सांगितलं होतं. प्रमाणपत्रावर तारीख २ ऑगस्ट २०२१, दोघांच्या सह्या, खाली शिक्का.

काकांची आठवण पक्की आणि कागदही पक्का, तरी ती तारीख मुदत ठरवत नाही. १० जुलै आधी येते.

दुपारी १२.१५
एक्सेलमध्ये तारीख हाताने टंकायची नाही, सूत्राने काढायची. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आकडा कुठून आला ते दिसतं.

```
B2: =DATE(2021,3,12)+120
B3: =EDATE(B2,60)-1
B4: =B3-180
```

B2 मध्ये १० जुलै २०२१, B3 मध्ये ९ जुलै २०२६, B4 मध्ये १० जानेवारी २०२६. २ ऑगस्ट धरला असता तर नोटिशीची तारीख २ फेब्रुवारी आली असती. २३ दिवस जास्त, आणि ते दिवस आपल्या हातात नव्हतेच. जुन्या ओळीने निदान घाबरवलं तरी. ही फेब्रुवारीची तारीख मात्र आम्हाला निवांत झोपू देऊन बुडवणारी होती.

पाच वर्षं ९ जुलैला संपतात की १० ला, यावर दोन वकील दोन मतं देतील. दुसऱ्या लाटेमुळे १२० दिवसांची मुदत आपत्तीच्या कलमाखाली पुढे ढकलली गेली, असंही कुणी म्हणू शकेल. पण त्यासाठी त्या वेळी लेखी सूचना दिलेली असायला हवी आणि तसं पत्र मला कुठल्याच फाइलमध्ये दिसलं नाही. नोंदवही हा वाद जिंकण्याचा कागद नाही. व्याख्येत बसणाऱ्या तारखांपैकी जी सगळ्यात आधी येते ती धरायची आणि बाकीच्या दोन शेऱ्याच्या रकान्यात, का सोडल्या त्यासह, लिहून ठेवायच्या.

१.००
जेवण. कॅन्टीनमध्ये उसळ होती.

१.४०
'१८० दिवस आधी नोटीस' म्हणजे नेमकं काय आधी व्हायला हवं? पत्र लिहिणं, पाठवणं की पोचणं? उत्तर मुदतीच्या कलमात नाही, ३१ व्या पानावर 'सूचना' या नीरस मथळ्याखाली आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने किंवा कुरिअरने, शेवटच्या लेखी कळवलेल्या पत्त्यावर. पाठवल्यापासून सातव्या दिवशी मिळाली असे मानले जाईल. ईमेल चालणार नाही.

मग उलटं मोजायचं. १० जानेवारी हा शनिवार, तोही दुसरा. 'किमान १८० दिवस' पूर्ण भरावेत म्हणून एक दिवस सोडून ९ जानेवारी. सात दिवस मागे, २ जानेवारी. त्या तारखेला पत्र कुरिअरवाल्याच्या हातात नसेल तर खेळ संपला. पत्ता २०२२ च्या पत्रातला नवा, करारावरचा नव्हे.

तीन तारखा भरल्या. निर्णयाची बैठक १४ नोव्हेंबर, दिवाळी उरकून सगळे जागेवर आल्यावर. नोटीस रवाना १५ डिसेंबर. आणि अंतिम मर्यादा २ जानेवारी. आठवण पहिल्या दोन तारखांना लावली. शेवटच्या दिवशी वाजणाऱ्या घंटेचा उपयोग नाही.

२.४५
बाहेर पडायचे मार्ग. नोंदवहीत हा रकाना पूर्वी 'होय' एवढाच भरलेला होता. करार संपवता येतो का? होय. कोण, कशासाठी, किती दिवसांत, किती पैशांत, यांतलं काही नाही.

करारात तीन दारं आहेत. पहिलं नूतनीकरण नाकारण्याचं, जे वर आलं. त्याला कारण द्यावं लागत नाही आणि दंडही नाही. दुसरं कसुरीचं : समोरच्याने अट मोडली तर लेखी कळवायचं, ३० दिवसांत सुधारलं नाही तर करार रद्द. यात एक खाच आहे. आमची कसूर पैशांची असेल, म्हणजे बिल ४५ दिवसांहून जास्त थकलं, तर पुरवठादार १५ दिवसांच्या सूचनेवर पुरवठाच थांबवू शकतो. करार चालू आणि टाकी रिकामी. हे कलम रद्द करण्याच्या प्रकरणात नाही, 'देयके'खाली आहे, त्यामुळे फक्त मथळे वाचणाऱ्याला ते सापडत नाही.

तिसरं दार विनाकारण बाहेर पडण्याचं. तिसऱ्या वर्षानंतर, १२ महिन्यांच्या सूचनेवर, उरलेल्या मुदतीचं टाकीचं भाडं आणि टाकी काढून नेण्याचा खर्च देऊन. आज ही सूचना दिली तर १२ महिने सप्टेंबर २०२६ मध्ये भरतात, मुदत जुलैतच संपते. म्हणजे हे दार आज फक्त कागदावर आहे. करार जानेवारीत चुकून वाढला, तर मात्र तेवढंच उरेल.

४.००
आता जबाबदाऱ्या. कलम जसंच्या तसं चिकटवलं तर रकाना भरतो, पण वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक ओळ एकाच साच्यात लिहिते : कुणी, काय, कधीपर्यंत, पुरावा कोणता. टाकीभोवतीची जागा मोकळी ठेवायची, ती आमच्या देखभाल विभागाने. पेसो म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली स्फोटक सुरक्षा संस्था. टाकीसाठी तिचे जे परवाने लागतात ते चालू ठेवायचं काम या करारात पुरवठादाराचं, पण प्रत मागून घ्यायची आम्ही. 'प्रयत्न करील' असं असलेली वाक्यं वेगळी ठेवली, त्यांच्यावर तारीख लावता येत नाही.

सगळ्यात महागडी जबाबदारी तिसऱ्या परिशिष्टात, दरवाढीच्या सूत्राखाली निघाली. विजेच्या दराप्रमाणे पुरवठादार दरवाढीचं पत्र देईल आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती मान्य समजली जाईल. आमच्याकडे ही पत्रं थेट लेखा विभागात जातात आणि नवा दर चढवला जातो. हरकत घ्यायची असते हे तिथे कुणालाच माहीत नाही. ओळीवर खरेदी विभागाचं नाव टाकलं आणि लेखा विभागाला कळवलं की पत्र आलं की त्याच दिवशी इकडे पाठवा.

५.१५
खरेदीप्रमुख आले. "मग? गेली का तारीख?"

"नाही साहेब. पण स्टोअरवाले सांगतील तेवढी लांबही नाही."

त्यांनी प्रारंभाच्या तीनही तारखा वाचल्या आणि १० जुलैवर बोट ठेवलं. "हे कुठं लिहिलंय?" शेजारच्या रकान्यात कलमाचा क्रमांक आणि पान होतं. त्यांनी पान उघडून वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "१४ नोव्हेंबरच्या बैठकीला १८,००० मात्रेवर दुसऱ्या दोघांचे दरही मागवून ठेवा."

ओळीचा रंग लालचा पिवळा केला, 'तपासणारा' या रकान्यात कायदा विभागाचं नाव घातलं आणि फाइल त्यांना पाठवली. ५.४० ची बस लागली होती.