सावळ्या अंगावर कोणता रंग खुलतो? पेस्टल भरण्याआधी हे वाचा

साडीचं दुकान टाकायचं ठरवलेल्या प्रत्येकाला मी एक हिशोब दाखवते. तो माझ्याच वहीतला आहे.

सुरतेचा व्यापारी सेट फोडून देत नाही. एका डिझाइनच्या आठ रंगांच्या आठ साड्या, घ्यायच्या तर सगळ्या. मी दिवाळीच्या आधी असा एक सेट घेतला. साडी 850 रुपयांना पडली, म्हणजे सेटला 6,800. विकायचा भाव 1,250. राणी, मोरपंखी, डाळिंबी, झेंडू आणि जांभळी या पाच साड्या तीन आठवड्यांत गेल्या. कांदा गुलाबी, पिस्ता आणि राखाडीकडे झुकणारी फिकी निळी, या तिघी होळीपर्यंत रॅकवर. त्या 800 ला काढल्या असत्या तर सेटवर सुटले असते 1,850. सगळ्या भावात गेल्या असत्या तर 3,200. फरक कापडाचा नव्हता, डिझाइनचा नव्हता. फरक होता आमच्याकडच्या गिऱ्हाइकाचा रंग न बघता सेट घेतल्याचा.

आपल्या परभणी जिल्ह्यात दुकानात येणाऱ्या बहुतेक बायका गव्हाळ ते चांगल्या सावळ्या. उन्हातान्हात शेतात जाणाऱ्या तर आणखी गडद. कॅटलॉगवरची मॉडेल मात्र गोरी. कॅटलॉग बघून आपण जे पसंत करतो ते त्या मॉडेलच्या अंगावर पसंत करतो, आणि विकायचं असतं वेगळ्याच अंगावर. डिसेंबर 2017 मध्ये अनुष्का शर्माच्या लग्नातला फिका गुलाबी लेहंगा सगळ्यांनी पाहिला आणि फिके रंग थेट बस्त्यापर्यंत पोचले. पेस्टल वाईट नाही, मी आजही ठेवते. पण ते कुठे चालतं आणि कुठे फसतं, याचं कारण समजून ठेवा.

कुठल्याही रंगात तीन गोष्टी बघायच्या. एक, तो लाल आहे की हिरवा की निळा. दोन, तो किती फिका किंवा गडद. तीन, तो स्वच्छ, चटक आहे की मळका. पेस्टल म्हणजे भरपूर पांढरं मिसळलेला रंग. त्यात थोडं राखाडी मिसळलं की तो धुरकट होतो. बाजारात ज्याला "डस्टी" म्हणतात तो हाच. सावळी त्वचा गडद असते, पण तिच्यात तांबूस-तपकिरी ऊब असते. तिच्याशेजारी स्वच्छ, भरलेला रंग आला की ती ऊब वर येते. धुरकट फिका रंग आला की तो त्वचेला राखट करतो, आणि त्याच्या फिकेपणासमोर चेहरा आहे त्यापेक्षा काळवंडलेला वाटतो.

ही नुसती दुकानदारांची समजूत नाही. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम बघायचा. काळा रंग फिका येतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. त्यावर त्याने 1839 मध्ये जाड पुस्तकच काढलं. साडी आणि चेहरा यांचं तेच आहे. रंग दोन्हींचे तेच राहतात, शेजार बदलला की दिसणं बदलतं.

आता बस्त्याची गोष्ट. आपल्याकडे बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं मिळून येतात, दहा-बारा जण सहज. मागच्या लग्नसराईत अशीच मंडळी आली. नवरी चांगली सावळी, नाकीडोळी नीटस, आणि तोंडातून शब्द नाही. मुलाकडच्या एक काकू बसल्या बसल्याच म्हणाल्या, "ताई, पोरीच्या रंगाला फिकंच काढा. भडक घातलं की आणखी काळी दिसेल." नवरीने मान आणखी खाली घातली. तिची आई गप्प.

इथे काकूंशी वाद घालून उपयोग नसतो, त्या रागावल्या तर बस्ता दुसऱ्या दुकानात जातो. मी म्हटलं, "काकू, तुम्ही म्हणता तसं फिकं काढते, सोबत दोन भरलेले पण काढते. कापड दारात नेऊन बघू, आत लाइट फसवते." नवरीला दुकानाच्या दारात सावलीत उभं केलं. थेट ऊन नको, उन्हात प्रत्येक रंग मार खातो. आधी धुरकट गुलाबी हनुवटीखाली धरला. मग राणी. मग मोरपंखी हिरवा.

कापड धरल्यावर साडीकडे बघायचं नाही. हनुवटीच्या खालची सावली, डोळ्यांखालचा भाग आणि ओठ, एवढंच बघायचं. धुरकट गुलाबीने तिच्या जबड्याखाली राखाडी पट्टा उठला, डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. राणी धरला तसे ओठ आणि गाल तांबूस दिसले. रेशमावरून परतलेला उजेड हनुवटीवर पडतो, म्हणून कापड चमकदार असेल तर हा फरक जास्त दिसतो. मोरपंखी हिरव्यात त्वचा तुळतुळीत तांब्यासारखी दिसली. मी काही बोललेच नाही. तिची आईच म्हणाली, "हा बघा की, हा उजळला." हिरवा शालू राणी काठाचा ठरला आणि काकूंनीच तो घडी करायला दिला.

हळदीची पिवळी घेताना परत तेच. लिंबू पिवळ्यात हिरवट झाक असते, तिच्या चेहऱ्यावर ती आजारी दिसत होती. झेंडूचा पिवळा बसला. आणि हळद तर तोंडालाही लागणार, त्यामुळे ऊब असलेला पिवळाच बरा.

पण रिसेप्शनसाठी त्या पोरीने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि मागितलं पेस्टलच! तिला आवडतं तर आवडतं, आपण नाही म्हणणारे कोण? तेव्हा मी धुरकट सगळे बाजूला केले आणि स्वच्छ अबोली काढला, टिश्यूचा, तांबूस जरीचा. ब्लाउज साडीतला रनिंग कापायचा नाही, गडद डाळिंबी वेगळा घ्यायचा. चेहऱ्याला सगळ्यात जवळ ब्लाउज असतो. तो भरलेला असला की फिकी साडी चेहऱ्याला लागत नाही, खाली छान झुलते. संध्याकाळी मांडवातल्या पिवळसर दिव्यांत अबोली आणखी उबदार होतो. पेस्टल जिंकतो तो इथे. मळका नसावा, थोडी चमक असावी, आणि गळ्याजवळ काहीतरी गडद असावं. एप्रिल-मे च्या उन्हात रोज वापरायला फिकी सुती साडी लोक घेतातच. तिथे बाई थंडावा बघते, रंग नंतर. ती वेगळी विक्री.

याचा अर्थ "सावळीला गडद दाखवा" असा घेऊ नका. ही चूक माझ्याकडच्या मुलींनीही केली. चॉकलेटी, नेव्ही, काळपट मरून हे रंग त्वचेच्या इतके जवळचे गडद असतात की दोन्ही एकमेकांत मिसळतात, चेहरा उठून येत नाही. आपल्या आज्यांचं इरकल आठवा. अंग गडद, पण काठ आणि पदर लालभडक. खांद्यावरून डोक्यावर पदर आला की तो लाल चेहऱ्याशी येतो, बाकीचं लुगडं कितीही गडद असू दे. संक्रांतीला काळी साडी विकताना हेच करा, जरीचा किंवा उठावदार काठ असलेलीच भरा.

आणि दोन सावळ्या बायका सारख्या नसतात. एकीत तांबूसपणा जास्त, तिला झेंडू, विटकरी, डाळिंबी लगेच बसतात. दुसरीत निळसर-जांभळट झाक, तिला राणी आणि जांभळा जास्त खुलतो. तोंडाने ओळखायला जाऊ नका. झेंडू आणि राणी, हे दोन ब्लाउज पीस काउंटरखाली कायम ठेवा आणि आलटून पालटून हनुवटीखाली धरा. दहा सेकंदांत कळतं.

दुकानातला उजेड मात्र सुधारा. स्वस्त पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्ये लाल कमी असतो. त्यात राणी विटका दिसतो, सावळी त्वचा राखट दिसते, आणि गिऱ्हाईक साडी ठेवून निघून जातं. बॉक्सवर सीआरआय लिहिलेला बघा, 90 किंवा वर असलेले दोन दिवे आरशाजवळ लावा. सगळं दुकान बदलायची गरज नाही. आरशासमोरच निर्णय होतो.

बोलण्याबद्दल एकच नियम माझ्या दुकानात आहे. "तुमच्या रंगाला हे चालणार नाही" हे वाक्य बंद. दोष द्यायचा तर कापडाला द्यायचा: "हा रंग मळका आहे ताई, याच्यात जीव नाही." बाई गोरी असो की सावळी, वाक्य तेच. दुकानात एकदा रंगावरून बोलणं ऐकलेली मुलगी परत पायरी चढत नाही, आणि तिच्या बहिणीचा बस्ताही जातो.

आता त्या उरलेल्या तिघींचं काय झालं ते सांगते. भाव पाडला नाही. 150 रुपयांचे तीन खणाचे पीस आणले, राणी, डाळिंबी आणि गडद जांभळा. कांदा गुलाबीवर डाळिंबी, पिस्त्यावर राणी, फिक्या निळीवर जांभळा असे पुतळ्यावर नेसवून दारात लावले. पीससकट 1,250. मेअखेर तिन्ही गेल्या. सेटवर 450 जास्त खर्च झाले, तरी सुटले 2,750.

सेट घेतानाही आता मी व्यापाऱ्याला फोनवर आठही रंगांचे फोटो खिडकीजवळ काढून मागते. आठात धुरकट दोनपेक्षा जास्त असले तर तो सेट सोडते. दोन असले तर घेते, पण त्यांचे ब्लाउज पीस त्याच दिवशी खरेदीत धरते, म्हणजे भाव लावतानाच 150 त्यात येतात. नवरात्रात मात्र हा नियम मोडावा लागतो. ठरलेल्या नऊ रंगांत राखाडीचा दिवस आला की राखाडी मागणारच. तेव्हा चंदेरी झाक असलेला, राणी काठाचा राखाडी भरा. सपाट सिमेंट रंगाचा भरलात तर तो दसऱ्यालाही तुमच्याकडेच असतो.

स्टेटसवर फोटो टाकताना एक लक्षात ठेवा. फिकी साडी फ्रेममध्ये जास्त आली की फोन आपोआप उजेड कमी करतो आणि नेसणारीचा चेहरा काळा येतो. फोटो काढायच्या आधी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, मग काढा. फिल्टर लावून चेहरा गोरा करू नका. त्याच्याबरोबर साडीचा रंग पण बदलतो, आणि पार्सल उघडल्यावर ती परत येते.