कोऱ्या कड्यातले आकडे

लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली बिऱ्हाडं हलू लागली, तेव्हा माळ्यांवरचं सामान खाली उतरलं. त्यात पितळी समया, रेशनकार्डांची चळत आणि एका ओळखीच्या मावशींकडे सात तबकड्या. सहा ओळखीच्या निघाल्या. सातवीचं लेबल उंदराने आणि ओलीने खाल्लेलं. कुत्र्याचं शेपूट आणि कर्ण्याची कड दिसत होती, क्रमांकातलं ‘पी’ शिल्लक होतं आणि देवनागरीत ‘मानाप’ एवढंच. गाणाऱ्याचं नाव असलेली ओळ साफ गेलेली.

“सासरे मिलमधून आले की लावायचे,” मावशी म्हणाल्या. “कोण गातंय ते सांगशील का रे?”

लेबलाकडे बघून साल सांगणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हातून होणारी चूक ठरलेली. लेबल सांगतं तबकडी कधी छापली ते. गाणं कधी गायलं ते सांगत नाही. एकदा धातूचा साचा तयार झाला की कंपनी मागणी असेल तोवर त्याच साच्यातून नव्या लेबलखाली माल काढत राहते. आणि अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची आहे म्हणून ती जुनी असंही नाही, कारण आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकातही त्या निघत होत्या. म्हणून मी दोन वह्या वेगळ्या ठेवतो, एक छपाईची, एक गायनाची. दोन्हींतलं साल एकच निघेल असं धरून चालत नाही.

छपाईच्या वहीत पहिली नोंद सोपी. अगदी जुन्या तबकडीवर पंखवाला फरिश्ता असतो आणि गाणं एकाच बाजूला. त्यावर ‘हॅनोव्हर’ दिसलं तर ती जर्मनीत छापलेली, म्हणजे साधारण १९०८ पूर्वीची, कारण त्या वर्षी कोलकात्याला सियालदहचा कारखाना सुरू झाला. त्या काळात कित्येक गायिका गाण्याच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगत. परदेशातल्या कारागिराला कोणती थाळी कुणाची हे कळावं म्हणून ती सोय होती. आज आपल्याला ती आयती मिळते, त्यामुळे सुई शेवटच्या चरीपर्यंत जाऊ द्यावी. फरिश्त्याच्या काळातल्या क्रमांकातही एक खूण आहे. आकडा बारा हजारांतला असेल तर गाणारा पुरुष, तेरा हजारांतला असेल तर बाई. प्यारासाहेबांचा आवाज ऐकून बाईच गाते असं कुणीही म्हणेल, तिथे हा आकडा भ्रम घालवतो.

आमच्या तबकडीवर कुत्रा होता, म्हणजे फरिश्त्याचा काळ मागे पडलेला. ‘पी’ ही दहा इंची, दोन्ही बाजूंच्या तबकड्यांची मालिका. तिच्यानंतर ‘एन’ आली. म्हणजे छपाई १९१० ते १९३५ च्या दरम्यानची कधीतरी. याहून जास्त लेबलाला विचारण्यात अर्थ नव्हता.

आता दुसरी वही. गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंत एक कोरं कडं असतं. त्यात साच्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि तोच खरा जन्मदाखला. तो नेहमी नीट दिसत नाही. खोलीतला दिवा मालवून टॉर्च जवळजवळ आडवी धरली तर सावलीत आकडे उभे राहतात. तेही जमलं नाही तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, शाळेत नाण्याचा ठसा घ्यायचो तशी. काही जुन्या तबकड्यांत क्रमांक लेबलाच्या कागदाखाली दबलेला असतो आणि कागद फुगून वर आलेला दिसतो. आकड्यासोबतची अक्षरं बहुधा ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाची आणि तबकडीच्या आकाराची खूण असतात, तेव्हा तीही उतरवून घ्यायची. मग शेजारी बारीक त्रिकोण आहे का ते बघायचं. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवरचा हा त्रिकोण म्हणजे विजेच्या मायक्रोफोनवर केलेलं मुद्रण. कंपनीने ती पद्धत १९२५ मध्ये घेतली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती इथेही आली.

आमच्या कड्यात त्रिकोण नव्हता. तरी एवढ्यावर विसंबायचं नाही, खूण झिजलेलीही असू शकते. इथे कानाची साक्ष काढावी लागते. कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या मुद्रणात खालचे सूर उमटतच नाहीत, त्यामुळे तबला टिचकीसारखा वाजतो आणि डग्गा जवळपास नसतोच. तानपुराही हरवतो, पेटी मात्र ठसठशीत येते. विजेच्या मुद्रणात डग्ग्याची घुमक लगेच कळते. मग झिजलेल्या तबकडीचं काय? पोलादी सुईने झीज होते ती वरच्या सुरांची आणि जोरकस जागांची. तिथे खरखर वाढते, आवाज फाटतो, पण डग्गा झिजून जात नाही. मात्र सुई योग्य हवी. एलपीची बारीक सुई या रुंद चरीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती धूळ वाजवते. इंचाच्या तीन हजारांश भागाची सुई लावली. डग्गा नव्हताच.

आता ‘मानाप’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने १९११ मध्ये रंगभूमीवर आणलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी. त्याआधीचं हे गाणं असू शकत नाही. म्हणजे गायन १९११ आणि १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धादरम्यानचं.

राहिला वेग. अठ्ठ्याहत्तर हा आकडा पुढे रूढ झाला. कर्ण्याच्या काळात सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान काहीही चाले, आणि वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर जवळजवळ एका पट्टीने सरकतो. आधी फिरकी तपासली. सत्त्याहत्तर रेघांची चकती पन्नास सायकलच्या दिव्याखाली स्थिर दिसली की वेग ७७.९२. (यासाठी जुना बल्ब किंवा ट्यूबच लागते. चांगल्या एलईडीला लुकलुकताच येत नाही, त्यामुळे रेघा पुसट होतात.) त्या वेगाला पेटीचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये पडला. पेटीला मधली पट्टी नसते. म्हणजे वेग चुकला होता.

पण उत्तरं दोन निघतात. ७६ वर आणलं तर काळी एक, ८० वर नेलं तर पांढरी दोन. पेटी दोन्हीकडे खरीच बोलते. मग गळ्याला विचारायचं. ८० वर ताना चिमण्यांसारख्या झाल्या आणि शब्दांतले श्वास घाईचे वाटले. ७६ वर ‘स’ आणि ‘श’ माणसाच्या तोंडचे झाले. दुसरी बाजूही त्याच वेगाला काळी एकवर बसली. त्या काळच्या पेट्या आजच्या पट्टीपेक्षा थोड्या उतरलेल्या असत, तेव्हा या आकड्यात एखाद्या फेऱ्याचा फरक मी सोडून देतो.

वेग बसल्यावर आवाज पुरुषाचा ठरला, ७८ वर मला शंका होती. पण नाव? तीच पदं अनेकांनी गाऊन ठेवली आहेत, आणि लाडका आवाज ऐकू यावा ही इच्छा कानाला लवकर फसवते. पहिल्याच ऐकण्यात मी बालगंधर्व म्हणून टाकलं होतं. त्यांच्या निश्चित असलेल्या तबकडीशेजारी ही लावली तेव्हा शब्द सोडण्याची ढब जुळेना, आणि नाव खोडावं लागलं.

पुढचा रस्ता साच्याच्या क्रमांकाचा. एकाच बैठकीतले क्रमांक लागोपाठचे असतात. त्यामुळे शेजारचा क्रमांक असलेली, लेबल शाबूत असलेली तबकडी सापडली तर बैठक कळते, आणि कधी कधी गाणाराही. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ च्या मुद्रणांची सूची करून ठेवली आहे, ती १९९४ मध्ये मुंबईत पॉप्युलर प्रकाशनाने काढली. आमची तबकडी त्यानंतरची. तेव्हा संग्राहकांची कपाटंच चाळणं आलं. मुंबईत १९९० पासून त्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे.

तबकडीच्या पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिलं, शाईने नाही: छपाई, पी मालिका, दहा इंची. गायन, १९११ नंतर, कर्ण्याचं मुद्रण, वेग ७६, काळी एक. गायक, पुरुष. त्याखाली कोऱ्या कड्यातला क्रमांक अक्षरासकट.

मावशींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “नावाची जागा मोकळीच ठेवलीस,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा लावायला सांगितली, ७६ वर.