मोनेच्या दुपारची संध्याकाळ कशी झाली?

क्लोद मोने यांनी 1870च्या दशकात पॅरिसजवळच्या आर्जांतय इथे सीन नदीकाठची कितीतरी निसर्गचित्रं रंगवली. पण त्याच जागेवरून, त्याच उजेडात काढलेले फोटो काही कुणाकडे नाहीत. त्यामुळे ‘हा फोटो आणि हे त्याचं मोनेनं केलेलं चित्र’ अशा जोड्या दाखवून संगणकाला मोनेची शैली शिकवणं शक्यच नव्हतं. 2017 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जुन-यान झू, तेसुंग पार्क, फिलिप आयसोला आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी जोड्यांशिवाय काम भागवणारी पद्धत मांडली. तिचं नाव सायकलगॅन.

या पद्धतीला फक्त दोन गठ्ठे लागतात. एकात मोनेची हजारावर चित्रं, दुसऱ्यात सहा हजारांहून अधिक निसर्गाचे फोटो. एक जनरेटर फोटोचं चित्र करतो, दुसरा चित्राचा फोटो. प्रत्येकावर एक परीक्षक असतो. समोरची प्रतिमा गठ्ठ्यातली अस्सल आहे की बनावट, एवढंच तो सांगतो. पण ती कोणत्या फोटोवरून तयार झाली, हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणजे जनरेटरनं कुठल्याही फोटोसाठी तेच एक सुरेख खसखशीचं शेत पुढे केलं, तरी तो त्यात चूक काढू शकणार नाही.

ही पळवाट बुजवण्यासाठी सायकल कन्सिस्टन्सीची अट आली. फोटोचं चित्र करा, त्या चित्राचा पुन्हा फोटो करा आणि तो मूळ फोटोशी पिक्सेल-पिक्सेलनं ताडून पाहा. जितका फरक, तितका दंड. मूळ प्रयोगात या दंडाला परीक्षकाच्या निकालाच्या दहापट वजन दिलं होतं. परतीचा प्रवास जमायचा असेल, तर झाड, नदी, पूल यांचा माग चित्रात राहायलाच हवा.

एवढं करूनही एक विचित्र दोष दिसला. मोनेनं भर दिवसाची म्हणून रंगवलेली दृश्यं फोटोत उतरताना बरेचदा सूर्यास्ताची होऊन येत.

असं का व्हावं? समजा, फोटोंच्या गठ्ठ्यात निम्मी आकाशं सूर्यास्ताची आहेत आणि चित्रांच्या गठ्ठ्यात दहातलं एकच. जनरेटरनं इमानदारीनं काम केलं, तर त्याच्या शंभर फोटोंपैकी नव्वदांत दिवसाचं आकाश येईल. अस्सल फोटोंत ते पन्नासांतच आहे. परीक्षक लवकरच शिकतो की दिवसाचं आकाश दिसलं, की बनावटीचा संशय घ्यावा. त्याला चकवायचं, तर उरलेली चाळीसेक आकाशं लाल करणं जनरेटरला फायद्याचं ठरतं. सायकलची अटही आड येत नाही, कारण परतीचा जनरेटर तेच लाल आकाश पुन्हा निळं करायला शिकतो. दोन्ही परीक्षा पास, चित्र मात्र चुकीचं.

संशोधकांनी त्यावर तिसरी अट घातली. फोटो बनवणाऱ्या जनरेटरला मुळातच फोटो दिला, तर त्यानं तो न बदलता परत करावा; चित्र बनवणाऱ्यानं चित्राचं तसंच करावं. या अटीचं वजन सायकलच्या निम्मं ठेवलं आणि रंग बरेच जागेवर आले.

मात्र गठ्ठ्यांतला विषयच वेगळा असेल, तर हा उपाय पुरत नाही. याच संशोधकांनी घोड्याचा झेब्रा करणारं मॉडेल शिकवलं, तेव्हा त्यातल्या फोटोंत रानातले घोडे आणि झेब्रे होते, स्वार नव्हते. मग घोड्यावर बसलेल्या माणसाचा फोटो दिल्यावर माणसाच्या अंगावरही पट्टे उमटले. माणूस वेगळा काढायचा असतो, हे मॉडेलनं कधी पाहिलंच नव्हतं.

चित्रात हे हसून सोडता येतं, वैद्यकात नाही. 2018 मध्ये जोसेफ पॉल कोहेन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या एमआरआयचा एक प्रकार दुसऱ्यात बदलून पाहिला. दुसऱ्या गठ्ठ्यात फक्त निरोगी मेंदू ठेवले, तेव्हा रूपांतरात रुग्णाची गाठ नाहीशी झाली. फक्त गाठी असलेले ठेवले, तेव्हा निरोगी मेंदूत गाठ उगवली.

परतीची प्रतिमा मूळ प्रतिमेशी जुळली म्हणून रूपांतर बरोबर, असंही मानता येत नाही. हवाई छायाचित्रांचे नकाशे करणाऱ्या सायकलगॅननं छपरांवरचे बारीक तपशील नकाशात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चढउतारांत लपवून ठेवल्याचं 2017 मध्येच उघड झालं. नकाशात ते दिसत नव्हते, परतीच्या छायाचित्रात मात्र पुन्हा हजर.

म्हणून तपासायचं ते मधलं चित्र. परीक्षेचे फोटो घेऊन किती आकाशं लाल होती आणि रूपांतरानंतर किती झाली, माणसं किती होती आणि किती उरली, हे मोजलं की दोष पकडता येतो. खरा इलाज मात्र त्याआधीचा आहे. बर्कलीच्या चमूनं मोनेच्या चित्रांतून फक्त निसर्गदृश्यं वेचून ठेवली आणि फोटोही निसर्गाचेच घेतले. ही निवड ज्यांनी केलेली नाही, त्यांच्या मॉडेलवर भरवसा ठेवू नये.