कोटिनिनची तपासणी : अहवाल कसा वाचावा?

विम्याचा अर्ज भरताना डॉक्टर लघवीचा नमुना घेतात आणि पुढे अहवालात ‘कोटिनिन पॉझिटिव्ह’ असे लिहून येते. “मी तर विडी ओढतच नाही, मग हे कुठून आले?” असे विचारणारे आपल्या बालाघाटच्या बाजूस बरेच आहेत, म्हणून हा विषय घेतला आहे.

तंबाखूतील निकोटिन रक्तात गेले म्हणजे यकृत त्याचे रूपांतर कोटिनिन नावाच्या द्रव्यात करते. निकोटिन दोनेक तासांत अर्धे होते, म्हणून ते मोजून विशेष काही कळत नाही. कोटिनिन मात्र अर्धे होण्यास साधारण १६ तास घेते. तंबाखू शरीरात येऊन गेल्याची ती मागे राहिलेली खूण आहे. विडी, खर्रा, खैनी किंवा दातांना लावायचा गुडाखू, कशातूनही निकोटिन आले तरी ही खूण सारखीच उमटते. गुडाखू लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, पण तपासणीला तो भेद ठाऊक नसतो. निकोटिनचे च्युइंगगम चघळणाऱ्याचाही अहवाल पॉझिटिव्ह येतो.

आकडा नॅनोग्रॅममध्ये असतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये २०० नॅनोग्रॅम ही मर्यादा अनेक प्रयोगशाळा धरतात, काही १०० किंवा त्याहूनही कमी धरतात. म्हणून आकड्याशेजारी छापलेली मर्यादा आधी पाहावी. घरात दुसऱ्याने ओढलेल्या विडीच्या धुराने थोडे कोटिनिन येते, पण ते सहसा २०० च्या पुष्कळ खाली राहते. वांग्यातही निकोटिनचा अंश असतो, परंतु तो इतका थोडा की वांग्याच्या भाजीने कोणी पॉझिटिव्ह ठरत नाही.

किती दिवस सापडते, हे एका हिशेबाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याने रविवारी संध्याकाळी सहा वाजता शेवटची विडी ओढली, आणि तेव्हा त्याच्या लघवीत १६०० नॅनोग्रॅम कोटिनिन होते. सोमवारी सकाळी दहाला ते ८०० होईल, मंगळवारी पहाटे दोनला ४००, मंगळवारी संध्याकाळी सहाला २००, आणि बुधवारी सकाळी दहाला १००. म्हणजे २०० ची मर्यादा असेल तर तो बुधवारी निगेटिव्ह ठरेल. पण ज्याचे यकृत हे काम सावकाश करते, किंवा जो दिवसभर तंबाखू तोंडात धरतो, त्याच्यात आठवडाभर, क्वचित त्याहून अधिकही खूण राहते. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करण्याचा उपाय काहीजण सांगतात. प्रयोगशाळा क्रिएटिनिन मोजून लघवी पातळ असल्याचे ओळखते आणि नमुना पुन्हा मागवते.

यावरून तपासणीची मर्यादाही कळते. निगेटिव्ह अहवाल गेल्या काही दिवसांबद्दलच बोलतो, वर्षभराबद्दल नाही. म्हणून विमा कंपनी अर्जात मागील सवयीही विचारते. तंबाखू घेणाऱ्यास अकाली मृत्यूचा धोका अधिक, म्हणून त्याचा हप्ता जास्त. उदाहरणार्थ, एलआयसीने २०१९ साली आणलेल्या ‘जीवन अमर’ या योजनेत धूम्रपान न करणाऱ्याचा कमी दर लघवीच्या कोटिनिन तपासणीवरूनच मिळे, एरवी जास्त दर लागे. नुसत्या तोंडच्या शब्दावर कंपनी विसंबत नाही, आणि श्वासातील धूर मोजणारी यंत्रे खर्रा खाणाऱ्यास पकडत नाहीत. चार दिवस विडी सोडून अर्जात ‘कधीच नाही’ लिहिणाऱ्याने विमा कायद्याचे कलम ४५ ध्यानात घ्यावे. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत खोटी माहिती सिद्ध झाली तर दावा नाकारला जाऊ शकतो. त्याचा भार मागे राहिलेल्या घरच्यांवर पडतो.

आता आपल्याकडची खरी अडचण. जंगलातून तेंदूपत्ता तोडणाऱ्याने घाबरू नये, त्या पानात निकोटिन नसते. मात्र विडी वळणाऱ्या बायका दिवसभर सुपातील जर्दा हाताळतात. निकोटिन कातडीतून आणि उडणाऱ्या भुकटीवाटे आत जाते. भारतात विडी कामगारांवर झालेल्या अभ्यासांत तंबाखू न खाणाऱ्यांच्या लघवीतही कोटिनिन आढळले आहे. अशा बाईचा अहवाल मर्यादेच्या वर गेला तर ती खोटे बोलते असे होत नाही. च्युइंगगम आणि तंबाखू यांतला फरक अ‍ॅनाबेसिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याने ओळखता येतो, कारण ते तंबाखूत असते, गममध्ये नसते. पण वळणारीच्या अंगात गेलेला जर्दाही तंबाखूच, तेव्हा तिला या तपासणीचा उपयोग नाही. तिने अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ न लिहिता ‘विडी वळणे’ असे स्पष्ट लिहावे, नमुना देताना डॉक्टरांनाही सांगावे, आणि शक्य असल्यास आठ-दहा दिवस सूप बाजूला ठेवून मग नमुना द्यावा. ही विश्रांती घेतल्याचेही डॉक्टरांच्या कागदावर नोंदवून घ्यावे.